मालक नसलेल्या सेवेतील जाच : स्वयंसेवकाने दाद कोठे मागावी?

कारखान्यातील कामगारास वरिष्ठाने त्रास दिला तर त्यास कामगार अधिकारी आहे, संघटना आहे, न्यायालय आहे. शासकीय कर्मचाऱ्यास सेवानियम आहेत आणि वरिष्ठांकडे जाण्याची ठरलेली वाट आहे. परंतु गावातील रुग्णसेवा मंडळ, वाचनालय, रक्तदान गट, अनाथालय अथवा महिला मंडळ अशा ठिकाणी पदरमोड करून काम करणाऱ्या माणसास त्याच मंडळाच्या अध्यक्षाने चारचौघांत अपमानित केले, धमकावले अथवा कामावरून दूर केले तर त्याने कोणाकडे जावे, याचे उत्तर सहसा कोणापाशी नसते. “पगार नाही, मग तक्रार कसली? पटत नसेल तर सोडून द्या,” हेच उत्तर त्यास मिळते. पुष्कळ चांगली माणसे ते ऐकून घरी बसतात. मंडळ मागे उरते आणि ज्याच्यामुळे ती गेली तो पुढारीही उरतो.

या उत्तरात अर्धे सत्य आहे. कामगारविषयक कायदे वेतनासाठी काम करणाऱ्यांकरिता आहेत. विनावेतन स्वयंसेवकास सहसा त्यांचा आधार घेता येत नाही, त्यामुळे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केल्यास तो बहुधा परत येतो. तथापि महाराष्ट्रातील नोंदणीकृत धर्मादाय संस्था ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. तिला मालक नसला तरी घटना आहे, सभासद आहेत आणि तिच्यावर कायद्याने नेमलेली देखरेख आहे. दाद मागण्याचा मार्ग तेथून जातो. मात्र त्यासाठी तक्रारीची मांडणी वेगळी करावी लागते.

स्वयंसेवक आणि सभासद

या विषयात सर्वांत अधिक घोटाळा होतो तो या दोन शब्दांचा. मंडळात रोज राबणारा स्वयंसेवक हा मंडळाचा सभासद असतोच असे नाही. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार सभासद म्हणजे संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रवेश दिलेली, वर्गणी भरलेली अथवा सभासद-पटावर सही केलेली व्यक्ती. तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकली असेल तर अशा सभासदास मत देता येत नाही. दहा वर्षे सेवा करूनही वर्गणीची पावती नसलेला स्वयंसेवक कायद्याच्या दृष्टीने बाहेरचा ठरू शकतो. उलट वर्षातून एकदाच सभेला येणारा, पण पावती जपून ठेवणारा सभासद घरचा ठरतो.

हा भेद महत्त्वाचा का, ते पुढील कायद्यावरून कळेल. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था ही सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाही असते आणि तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. (पूर्वी यास मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणत. जुन्या कागदपत्रांत तेच नाव आढळेल.) या अधिनियमाखाली तक्रार करण्याचा अधिकार मुख्यतः ‘हितसंबंधी व्यक्ती’स आहे आणि सोसायटीच्या बाबतीत हितसंबंधी व्यक्ती म्हणजे तिचा सभासद. म्हणून जाचाची पहिली चाहूल लागताच स्वयंसेवकाने करावयाचे काम म्हणजे आपण पटावर आहोत की नाही हे पाहणे. जाच करणारे पुढारी बहुधा हीच वही आपल्या कपाटात ठेवतात.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कोणा एका संस्थेचे नव्हे. असे प्रसंग कोणत्या वळणाने जातात ते स्पष्ट व्हावे म्हणून ते रचले आहे.

तालुक्याच्या गावी रुग्णोपयोगी साहित्य देणारे एक मंडळ आहे. खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, ऑक्सिजनची नळकांडी अनामत घेऊन द्यायची आणि साहित्य परत येताच अनामत परत करायची, असे त्याचे काम. सभासद ३५. त्यांखेरीज महाविद्यालयातील काही मुले संध्याकाळी येऊन साहित्य पोहोचवितात. अध्यक्षांना सारे गाव ‘अण्णा’ म्हणते. मंडळ त्यांनीच उभे केले आणि बारा वर्षे तेच चालवीत आले आहेत. अनामतीची नोंदवही एक सेवानिवृत्त शिक्षिका सांभाळतात.

वार्षिक सभेपूर्वी बाईंनी काही अनामत रकमांच्या पावत्या मागितल्या. दुसऱ्या दिवशी रुग्णांच्या नातेवाइकांसमोर अण्णांनी त्यांना सुनावले, केंद्राची किल्ली काढून घेतली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘हिशेबात घोळ करणाऱ्यांनी सेवेचे सोंग करू नये’ असा मजकूर टाकला. बाईंची बाजू घेणाऱ्या मुलांना ‘दाखला मिळणार नाही’ असे बजावले. त्यांतील एकाच्या घरी जाऊन ‘गावात राहणे कठीण करीन’ असेही सांगण्यात आले.

बाई प्रथम जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात गेल्या आणि परत आल्या. हा हेलपाटा बहुतेकांना पडतो. त्यानंतर त्यांनी जे केले ते क्रमाने पाहण्याजोगे आहे.

त्यांनी एक वही केली. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि तेथे कोण उपस्थित होते, एवढेच तीत लिहिले. आपल्याला काय वाटले हे तीत लिहिले नाही. गटावरील मजकूर तारखेसह छापून घेतला. जाचाच्या तक्रारी बहुतेक वेळा खोट्या असतात म्हणून नव्हे, तर ‘अण्णा नेहमी अपमान करतात’ अशा मोघम वाक्यात अडकल्या म्हणून फेटाळल्या जातात. ‘नेहमी’ या शब्दाची चौकशी कोणताही अधिकारी करू शकत नाही. अमुक तारखेला, तमुक लोकांसमोर, अमुक शब्द, याची करू शकतो.

नंतर त्यांनी धर्मादाय कार्यालयात नकलेसाठी अर्ज केला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या या कार्यालयात प्रत्येक नोंदणीकृत संस्थेची घटना व नियमावली, विश्वस्तांची नोंद आणि वार्षिक हिशेबपत्रके असतात. त्यांच्या प्रमाणित प्रती शुल्क भरून मिळतात. नकला वेळेवर मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मंडळाकडे घटना मागत बसण्यापेक्षा ही वाट बरी, कारण मंडळात ती ‘सापडत’ नाही.

घटनेत चार गोष्टी आढळल्या. कार्यकारी मंडळाची मुदत तीन वर्षे होती. सभासदास कमी करण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे आणि त्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक होते. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे चिटणीसांवर बंधनकारक होते. त्यांनी एकवीस दिवसांत ती न बोलावल्यास मागणी करणाऱ्यांना स्वतः बोलावता येत होती. प्रत्येक संस्थेची घटना निराळी असते, त्यामुळे हे आकडे सर्वत्र असेच असतील असे नाही. आपल्या संस्थेचे नियम वाचल्यावाचून एकही पाऊल टाकू नये.

दुसरीकडे कार्यालयातील नोंदीवरून असे दिसले की, विश्वस्तांत बदल झाल्याचा शेवटचा अहवाल आठ वर्षांपूर्वीचा होता. निवडणूक होऊन पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांच्या आत तसा बदल अहवाल कलम २२ खाली द्यावा लागतो. म्हणजे निवडणूक झालीच नव्हती किंवा झाली असल्यास कळविली नव्हती. ज्या अधिकाराने अण्णा लोकांना घालवीत होते तो अधिकारच मुदत संपलेला होता.

बाईंच्या स्वतःच्या बाबतीत एक उणीव निघाली. चालू वर्षाची वर्गणी भरलेली नव्हती, कारण ती घेण्याचेच नाकारण्यात आले होते. त्यांनी ती संस्थेच्या बँक खात्यात भरली आणि भरल्याची चिठ्ठी जोडून चिटणीसांना पोचदेय डाकेने पत्र धाडले. मुलांपैकी मात्र एकही सभासद नव्हता. त्यांच्या सह्यांचा मागणीपत्रास उपयोग नव्हता, साक्षीस होता. ३५ चा एक-पंचमांश म्हणजे ७. त्या सात सह्या मिळविण्यास बाईंना सहा आठवडे लागले. गावात अण्णांविरुद्ध सही करणे सोपे नव्हते.

धर्मादाय कार्यालयात तक्रार कशी मांडावी

याच सुमारास बाईंनी सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला. त्याचा पहिला मसुदा चार पानांचा आणि अपमानाच्या वर्णनांनी भरलेला होता. एका वकिलाने तो दीड पानावर आणला. कारण असे की, धर्मादाय कार्यालय कोणाच्या उद्धटपणाचा निवाडा करीत नाही. संस्थेचा कारभार घटनेप्रमाणे व कायद्याप्रमाणे चालला आहे की नाही, एवढेच ते पाहते. म्हणून ‘अध्यक्ष ओरडतात’ हे तेथे मुख्य कलम होऊ शकत नाही. मुदत संपूनही निवडणूक घेतलेली नाही, सभासदाकडून वर्गणी घेण्यास नकार दिला, सुनावणीविना काम व नोंदवही काढून घेतली, अनामतीच्या पावत्या उपलब्ध नाहीत, ही कलमे होतात. ओरडणे व धमक्या त्यांच्या अनुषंगाने, तारखांसह येतात.

यात खोटे आरोप रचण्याचा प्रश्न नाही आणि तसे करणे अंगाशी येते. पण अनुभव असा की, माणसांना दरडावणारा पुढारी बहुधा सभेचे इतिवृत्त, सभासद-पट आणि हिशेब हेही आपल्याच मुठीत ठेवतो. त्याखेरीज त्याचे दरडावणे टिकत नाही. म्हणून कागद पाहिले की कारभारातील दोष सापडतोच, असे नसले तरी पुष्कळदा सापडतो. जेथे हिशेब चोख आहेत, निवडणुका वेळेवर आहेत आणि अध्यक्ष केवळ तोंडाळ आहे, तेथे या कार्यालयाकडून फारशी अपेक्षा करू नये. तेथे सर्वसाधारण सभा हाच उपाय.

कायद्याने दिलेले अधिकार थोडक्यात असे. संस्थेचा कारभार नीट चालावा म्हणून कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देता येतात. हितसंबंधी व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरून किंवा स्वतःहून कलम ४१ब खाली चौकशी करता येते. सभासद नसलेल्या स्वयंसेवकाने हे ‘स्वतःहून’ लक्षात ठेवावे. त्याच्या पत्रास तक्रारीचा दर्जा नसला तरी त्यातील माहितीवरून कार्यालय हालचाल करू शकते. आणि गैरवर्तन, कर्तव्याची सतत हेळसांड, विश्वासघात, हिशेब देण्यात वारंवार कसूर अशी कारणे सिद्ध झाल्यास कलम ४१ड खाली विश्वस्तास निलंबित वा दूर करता येते. हे शेवटचे अस्त्र आहे. त्यासाठी आरोप निश्चित करून, विश्वस्तास बाजू मांडण्याची संधी देऊन चौकशी करावी लागते. ती महिन्याभरात उरकत नाही.

ज्या सभासदाचे नाव पटावरून काढले गेले आहे त्यास दिवाणी न्यायालयाचाही मार्ग आहे. बेळगाव येथील एका लॉजमधून काढलेल्या सभासदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली मर्यादा (हा निर्णय १९६३ च्या निवाडा-संग्रहांत आहे) आजही उपयोगी पडते. संस्थेचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे न्यायालय तपासत नाही. नियम पाळले का, बाजू मांडण्याची संधी दिली का आणि निर्णय सद्हेतूने घेतला का, एवढेच पाहते. तेव्हा नोटीस न देता काढलेला सभासद बळकट बाजूचा असतो आणि नोटीस मिळूनही उत्तर न देणारा सभासद आपली बाजू स्वतःच दुबळी करून घेतो.

धमकी, बदनामी आणि पोलीस

मुलाच्या घरी जाऊन दिलेली धमकी हा मंडळाचा अंतर्गत मामला नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून तिच्या कलम ३५१ मध्ये फौजदारी स्वरूपाची धमकी हा अपराध आहे. साधी धमकी अदखलपात्र असल्याने पोलीस तिची नोंद घेतात आणि तक्रारदारास दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात. पुष्कळ लोक ‘पोलिसांनी काही केले नाही’ म्हणून खट्टू होतात. परंतु ती नोंद व तिची प्रत हाच पुढे पुरावा होतो. बदनामीच्या बाबतीत, म्हणजे गटावरील ‘घोळा’च्या मजकुराबाबत, पोलीस गुन्हा नोंदवीत नाहीत. त्यासाठी बदनामी झालेल्या व्यक्तीने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्यावी लागते. बाईंनी ती दिली नाही. हिशेब तपासले गेले की तो मजकूर आपोआप खोटा ठरेल, असा त्यांचा विचार होता. अपमान अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीचा, सार्वजनिकरीत्या दिसेल अशा ठिकाणी, हेतुपुरस्सर झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम लागू होऊ शकतो. त्याखालील अपराध मात्र दखलपात्र आहेत.

वकिलाच्या खर्चाच्या भीतीने अनेकजण थांबतात. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि मुले यांना उत्पन्न न पाहता तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो, इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेत. बाईंना मिळालेला वकील तेथूनच मिळाला होता.

जेथे कायदा स्वयंसेवकास कर्मचारी मानतो

एका बाबतीत मात्र ‘पगार नाही, मग तक्रार कसली’ हे म्हणणे पूर्णतः चुकीचे आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत स्वेच्छेने, विनावेतन काम करणारी व्यक्तीही धरली आहे. कामाच्या ठिकाणात न्यास, सोसायटी व अशासकीय संस्था धरल्या आहेत. संस्थेचे व्यवस्थापन व नियंत्रण ज्याच्या हाती आहे तो या कायद्यापुरता मालक ठरतो. म्हणजे ज्या अध्यक्षास इतरत्र मालक म्हणता येत नाही त्यास येथे म्हणता येते.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. दहापेक्षा कमी असतील, अथवा तक्रार खुद्द प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. छोट्या मंडळांच्या बाबतीत बहुधा हीच समिती कामी येते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात अथवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. अडचण अशी की, मंडळातल्या स्त्रिया ‘सभा होईल, मग बोलू’ म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते. ही तक्रार सभेसाठी थांबवू नये.

नोंदणी नसलेली मंडळे

उत्सव मंडळ, मित्र मंडळ, तरुण मंडळ यांतील पुष्कळांची नोंदणीच नसते. तेथे सभासद-पट नाही, घटना नाही, म्हणून वरील बरीचशी वाट बंद होते. एक दार उरते : नोंदणी नसलेल्या मंडळास वर्गणी गोळा करावयाची तर कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि गोळा झालेल्या रकमेचा हिशेब द्यावा लागतो. हिशेबाचा प्रश्न असल्यास तेथे विचारता येते, जाचाचा असल्यास पोलीस ठाणे. जातीच्या वा समाजाच्या नावाने चालणाऱ्या गटाने कुटुंबास वाळीत टाकले असेल तर २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम आहे. तो २०१७ मध्ये अमलात आला.

काही गटांना वरचे एखादे कार्यालय असते, याचाही विसर पडतो. अनुदानित सार्वजनिक वाचनालय असल्यास जिल्हा ग्रंथालय अधिकारी. महिला बचत गट असल्यास ग्रामसंघ व तालुका अभियान कक्ष. रेड क्रॉस वा स्काऊट-गाईडसारख्या संस्थेची शाखा असल्यास तिची जिल्हा व राज्य शाखा. रुग्णालयाच्या आवारात काम करणाऱ्या मंडळाबाबत वैद्यकीय अधीक्षकही जागा वापरण्याच्या अटी घालू शकतात. ही कार्यालये अध्यक्षास दूर करू शकत नाहीत, पण अनुदान, मान्यता वा जागा त्यांच्या हाती असल्याने त्यांचे एक पत्र कधी कधी कायद्याच्या कलमाहून लवकर काम करते.

पुढे काय झाले

चिटणीसांनी सभा बोलावली नाही. एकविसाव्या दिवसानंतर सात सभासदांनी स्वतः नोटीस काढली, ती प्रत्येक सभासदास टपालाने पाठविली, टपालाच्या पावत्या ठेवल्या. हजेरीपत्रकावर १९ सह्या झाल्या, गणसंख्या भरली. सभेने तीन ठराव केले : महिन्याभरात निवडणूक घ्यावी, अनामतीचे हिशेब सनदी लेखापालाकडून तपासावेत, आणि यापुढे सेवेतील तक्रारी ऐकण्यास तिघांची समिती असावी, जीत अध्यक्ष असणार नाहीत. मुलांना सभासद करून घेण्याचाही निर्णय झाला.

निवडणूक झाली. नव्या मंडळाने बदल अहवाल सादर केला आणि अण्णांनी त्यास हरकत घेतली. येथे अशा प्रकरणांतली खरी किंमत दिसू लागते. हरकतीचा अहवाल निकाली निघेपर्यंत दोन्ही बाजू स्वतःस खरे कार्यकारी मंडळ म्हणवितात. कोणाच्या सहीने पैसे द्यावयाचे हे न कळल्याने बँक खात्याचे व्यवहार थांबविते आणि नातेवाइकांच्या अनामती अडकतात. या मंडळात पाच महिने नवी खाट विकत घेता आली नाही. धर्मादाय कार्यालयाच्या निर्देशावरून अनामती परत करण्यापुरते खाते चालू झाले. हे आधीच मागितले असते तर दोन महिने वाचले असते. बदल अहवालास हरकत येणार असे दिसताच दैनंदिन व्यवहारापुरत्या अंतरिम व्यवस्थेचा अर्ज त्याच्या बरोबरीने करावा, असे वकिलांचे मत पडले.

लेखापरीक्षणात बाईंच्या वहीत घोळ आढळला नाही. न परतविलेल्या काही अनामती आढळल्या. त्या अण्णांनी भरल्या. अण्णा आजही सभासद आहेत, सभांना येतात आणि बोलतातही. बाईंचे नाव पटावर आहे, वर्गणी दरवर्षी वेळेवर भरली जाते. केंद्रात मात्र त्या पुन्हा बसल्या नाहीत. अनामतीची वही आता त्या मुलांपैकी एकजण लिहितो आणि दर शनिवारी ती तक्रार समितीच्या एका सभासदास दाखवितो.